चित्रक्रम-कथन

एका गोष्टीतील प्रसंगांची चित्रे मिसळून मुलांपुढे ठेवायची, त्यांनी ती क्रमाने लावायची आणि मग गोष्ट मोठ्याने सांगायची, असा बालशिक्षणातील खेळ. चार-पाच वर्षांच्या मुलांना तीन-चार पत्ते पुरतात. क्रमांक लिहायचेच तर पत्त्यांच्या मागे.

तहानलेल्या कावळ्याच्या संचात मडक्यातील पाण्याची पातळी हीच मुख्य खूण असते. ती नीट दिसत नसेल तर कोणता पत्ता आधीचा हे ठरत नाही. तो दोष चित्रकाराचा, मुलाचा नव्हे. एखादे मूल पाणी पिणारा कावळा पहिला ठेवते आणि सांगते, ‘त्यानं वरचं पाणी प्यायलं, मग चोच पोचेना, म्हणून खडे टाकले.’ ही गोष्ट जुळते, म्हणून कथन ऐकण्याआधी क्रम चुकीचा ठरवू नये. उलट क्रम बरोबर लावूनही ‘हा कावळा, हे मडकं’ एवढेच येत असेल, तर ‘खडे का टाकले?’ असे विचारावे. ‘मग काय झालं?’ या प्रश्नाने बहुधा पुढच्या चित्राचे नावच मिळते.

वेक्सलरच्या मुलांसाठीच्या बुद्धिमापन कसोटीत १९४९पासून चित्रे क्रमाने लावण्याची उपकसोटी होती. २००३च्या चौथ्या आवृत्तीत ती वगळली गेली. तिथे गुण क्रमाला होते, कथनाला नव्हते.