ग्राहकाचं नाव सांगायचं नाही, मग बायोमध्ये काम कसं दाखवायचं?

समजा, परभणीत घरून काम करणारी एक तरुणी आहे. जिल्ह्यातल्या एका जिनिंगसाठी तिनं कापूस खरेदीची नोंद ठेवणारी प्रणाली बसवून दिली. आधी शेतकऱ्याची गाडी फाटकातून आत आली की भरला काटा, माल उतरवणं, रिकामा काटा आणि हातानं लिहिलेली पावती यात साधारण ५५ मिनिटं जायची. आता २० मिनिटांत गाडी मोकळी होते. काम चोख झालं, पैसेही मिळाले. पण करारात अट आहे की जिनिंगचं नाव कुठेही घ्यायचं नाही. हा असतो गोपनीयतेचा करार, ज्याला बोलताना सगळे एनडीए म्हणतात. (खडकवासल्याचा एनडीए वेगळा.)

आता तिला इन्स्टाग्राम आणि लिंक्डइनच्या बायोमध्ये हे काम दाखवायचं आहे. तिनं पहिल्यांदा लिहिलेली ओळ अशी: ‘मानवतमधल्या एका मोठ्या जिनिंगसाठी २०२४ च्या हंगामात खरेदी प्रणाली उभारली.’

नाव कुठेच नाही. तरीही नाव सांगितल्यासारखंच आहे. मानवत ही कापसाची जुनी बाजारपेठ आहे आणि तिथल्या अडत्याला ही ओळ वाचून दाखवली तर तो दोन-तीन नावं घेईल. त्यातल्या कुणाकडे त्या वर्षी नवा संगणक बसला, हेही त्याला माहीत असेल. मुंबईत ‘एका बँकेसाठी काम केलं’ म्हटलं तर कुणाला काही कळत नाही, कारण बँका पुष्कळ. तालुक्याच्या गावात मात्र ठिकाण, धंदा, वर्ष आणि आकार या चार गोष्टी एकत्र आल्या की ओळख उघडी पडते.

म्हणून ओळ लिहून झाली की स्वतःला एकच प्रश्न विचारा: हे वर्णन किती जणांना लागू पडतं? उत्तर बोटांवर मोजता येत असेल तर चारपैकी एखादी गोष्ट काढा किंवा ढोबळ करा. मानवतऐवजी मराठवाडा, जिनिंगऐवजी शेतमाल खरेदी. वर्ष तर बहुतेक वेळा लागतच नाही. आणखी एक गोष्ट सहज सुटते. प्रोफाइलवर तुमचं स्वतःचं गाव लिहिलेलं असतंच. ‘परभणी’ वर आणि ‘जिनिंग’ खाली, एवढ्यानंही वर्तुळ लहान होतं.

ढोबळ काय करायचं आणि काय नाही

इथे बरेच जण दुसऱ्या टोकाला जातात. ‘अनेक नामांकित कंपन्यांना यशस्वी सेवा’ असं लिहितात. यात गुपित सुरक्षित राहतं, पण वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. हे वाक्य रंगारीही लिहू शकतो आणि वकीलही.

लपवायचा आहे तो ग्राहक. आपण नेमकं काय केलं, हे बहुतेक करारांत आपल्याला सांगता येतं. तेव्हा ग्राहक ढोबळ ठेवा आणि काम बारकाईनं सांगा. कौशल्य तुमच्याकडेच राहतं, असं कायदाही साधारणपणे मानतो. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ नुसार कुणाला कायदेशीर व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्द ठरतो. अपवाद धंद्याचं गुडविल विकण्याचा. पण या कलमाच्या भरवशावर गुपित फोडता येत नाही. ते वेगळं बंधन आहे आणि ते पाळावंच लागतं. काही करारांत तर ‘आपला व्यवहार झाला’ एवढी गोष्टसुद्धा गोपनीय धरलेली असते. त्यामुळे बायो लिहिण्याआधी करारातली गोपनीय माहितीची व्याख्या आणि प्रसिद्धीबद्दलचं कलम पुन्हा वाचा. मुदतही बघा. काही करारांत बंधन ठरावीक वर्षांनी संपतं, काहींत कधीच संपत नाही.

आकड्यांचं काय?

५५ आणि २० हे आकडे तिनं मोजले असले तरी ते जिनिंगच्या फाटकावरचे आहेत. रोज किती गाड्या येतात, किती क्विंटल खरेदी होते, हे तर सरळसरळ ग्राहकाचं गुपित. उलाढालीचे नेमके आकडे आणखी धोक्याचे. नोंदणीकृत कंपन्यांचे ताळेबंद सरकारी संकेतस्थळावर शुल्क भरून पाहता येतात, आणि दशांशासह लिहिलेला आकडा तिथे जुळवून बघणं अवघड नाही. म्हणून प्रमाण सांगावं: ‘निम्म्याहून कमी वेळात’.

प्रमाणालाही पाया लागतो. ‘तिप्पट वाढ’ म्हणजे दोनाचे सहा झाले की दोन हजारांचे सहा हजार, हे वाचणाऱ्याला कळत नाही. शिवाय सुधारणा आपल्यामुळेच झाली का, हे आधी स्वतःशी तपासावं. आपल्या उदाहरणात त्या हंगामात पीकच कमी आलं असतं, तर गाड्या कमी आणि रांगही छोटी. प्रणाली नसतानाही वेळ घटलाच असता. तेव्हा तिनं दोन्ही हंगामांतले असे दिवस निवडून तुलना करायला हवी, ज्या दिवशी जवळपास सारख्याच गाड्या आल्या. ते ऐन गर्दीचे दिवस असतील तर उत्तम. मग ‘गर्दीच्या दिवशीही’ हे दोन शब्द तिला खरेपणानं लिहिता येतात आणि माझ्या मते आख्ख्या बायोमध्ये तेच सगळ्यात वजनदार.

इन्स्टाग्रामचा बायो १५० अक्षरांचा. देवनागरीत काना-मात्रा-अनुस्वारही वेगळे मोजले जातात. ‘परभणी’ दिसायला चार अक्षरी, मोजताना पाच. तिची ओळ आता अशी होते:

‘शेतमाल खरेदीत काट्यापासून पावतीपर्यंतचं काम बसवून देते. गर्दीच्या दिवशी गाडीचा थांबा निम्म्याहून कमी. ग्राहकांची नावं करारानुसार गुप्त.’

ही १५० च्या आत बसते. लिंक्डइनच्या परिचयात जागा भरपूर असते, तिथे पायऱ्या सांगता येतील: आधी काय अडत होतं, तिनं काय बदललं, ते बसायला किती आठवडे लागले.

ओळ टाकण्याआधी ती जशीच्या तशी ग्राहकाला मेलवर पाठवावी: ‘एवढंच लिहिणार आहे, चालेल का?’ ‘तुमच्याबद्दल काही लिहू का?’ असं मोघम विचारलं की उत्तर बहुतेक नाही येतं. तयार ओळ समोर असली की मालक एखादा शब्द बदलून होकार देतो. तो लेखी होकार जपून ठेवा.

बायो नीट लिहूनही नाव फुटतं ते इतर वाटांनी. जिनिंगच्या मालकानं लिंक्डइनवर दिलेली शिफारस, कामाच्या फोटोत मागे दिसणारी पाटी, स्क्रीनशॉटच्या कोपऱ्यातला पत्ता, लोकेशन टाकलेली जुनी स्टोरी. प्रोफाइल उघडून अनोळखी माणसासारखं एकदा खाली-वर फिरून बघा.

नवा ग्राहक मात्र विचारणारच, ‘हे कुणासाठी केलं?’ त्याला खासगीतही नाव सांगायचं नाही. आजच्या ग्राहकाचं नाव कानात सांगणारी माणसं उद्या आपलंही सांगतील, हे त्याला कळतंच. त्याऐवजी काम दाखवावं. काल्पनिक शेतकरी, काल्पनिक गाड्या आणि काल्पनिक वजनं भरून प्रणालीची एक नमुना प्रत तयार ठेवा. खऱ्या यादीतली फक्त नावं खोडून ती वापरू नका. तारखा आणि वजनं तीच राहिली तर ओळखणारा ओळखतो. आणि जुना ग्राहक फोनवर बोलायला तयार असेल, तर आधी त्याला विचारून मगच नंबर द्यावा.