भाजीपाल्याचे काढणीपश्चात श्वसन

काढणीपश्चात श्वसन म्हणजे वेलीवरून, झाडावरून किंवा जमिनीतून काढून घेतल्यानंतरही भाजीच्या जिवंत पेशींमध्ये चालू राहणारी श्वसनक्रिया होय. या क्रियेत साठवलेली शर्करा प्राणवायूच्या साहाय्याने जळते आणि कार्बन डायऑक्साइड, पाणी व उष्णता बाहेर पडतात. या उष्णतेस श्वसन उष्णता असे म्हणतात. भाजी किती दिवस टिकेल हे बव्हंशी तिच्या श्वसनाच्या वेगावर अवलंबून असते. म्हणून शीतसाखळी आणि सुधारित वातावरणातील वेष्टन (मॉडिफाइड ॲटमॉस्फिअर पॅकेजिंग) या दोन्ही पद्धतींचा हेतू हा वेग मंद करणे, परंतु पूर्णपणे न थांबवणे, हा असतो. या लेखात हिरव्या मटाराच्या शेंगांचे उदाहरण घेऊन ही प्रक्रिया विशद केली आहे.

## श्वसनाचे स्वरूप

श्वसनक्रिया पुढील समीकरणाने दर्शवितात :

C6H12O6 + 6O2 → 6CO2 + 6H2O + उष्णता

रोपावर असताना श्वसनात खर्च होणारी शर्करा पानांतील प्रकाशसंश्लेषणामुळे भरून निघते. काढणीनंतर हा पुरवठा तुटतो, खर्च मात्र चालूच राहतो. त्यामुळे भाजीचा गोडवा आणि वजन घटते, पेशी थकतात आणि शेवटी ऊती मऊ पडून बुरशी व जिवाणूंना वाट मिळते.

श्वसनाचा वेग मोजताना एक किलो भाजी एका तासात किती मिलिग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडते हे पाहतात. निरनिराळ्या भाज्यांत हा वेग फार भिन्न असतो. कांदा हा सुप्तावस्थेतील साठवणीचा अवयव असल्यामुळे त्याचे श्वसन अतिशय मंद असते. मटाराच्या शेंगेतील दाणे मात्र वाढीच्या ऐन भरात असतानाच तोडले जातात, म्हणून त्यांचे श्वसन तीव्र असते. पुढील आकडे स्थूलमानाचे असून वाण, पक्वता व हंगाम यांनुसार त्यांत फरक पडतो.

| भाजी | ०° से. | १०° से. | २०° से. |
|---|---|---|---|
| कांदा | ३ | ७ | ८ |
| कोबी | ५ | १८ | ४२ |
| फुलकोबी | १७ | ३४ | ७९ |
| मटार (शेंगा) | ३८ | ८६ | २७१ |

(मिलिग्रॅम कार्बन डायऑक्साइड, प्रतिकिलो प्रतितास)

२०° सेल्सिअसला मटार कांद्याच्या तीसपटींहून अधिक वेगाने श्वसन करतो. कांदा चाळीत कित्येक महिने राहतो आणि मटार दोन-तीन दिवसांत पिवळा पडतो, यामागील एक प्रमुख कारण हेच आहे.

## श्वसन उष्णता : मटाराचे उदाहरण

एक ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होताना सुमारे २.५५ किलोकॅलरी उष्णता बाहेर पडते. तिचा काही भाग पेशी आपल्या कामासाठी वापरतात, पण तोही शेवटी उष्णतेतच रूपांतरित होतो. म्हणून व्यवहारात सर्व उष्णता हिशोबात धरतात.

एक टन मटार २०° सेल्सिअसला ठेवला असे मानू. तो तासाला सुमारे २७० ग्रॅम, म्हणजे दिवसाला सुमारे साडेसहा किलो कार्बन डायऑक्साइड सोडतो. त्यासाठी सुमारे ४.४ किलो शर्करा खर्च होते आणि सुमारे १६,५०० किलोकॅलरी उष्णता निर्माण होते. ही उष्णता ८०० वॉटची शेगडी ढिगात अहोरात्र चालू ठेवण्याइतकी आहे. एक टन मटाराचे तापमान एका अंशाने वाढवण्यास सुमारे ८०० किलोकॅलरी लागतात. म्हणजे ही उष्णता बाहेर पडू शकली नाही, तर ढिगाचे तापमान दिवसाला सुमारे २० अंशांनी चढेल.

प्रत्यक्षात ढिगाच्या कडेची उष्णता वाऱ्याने निघून जाते. गच्च भरून एकावर एक रचलेल्या गोण्यांच्या मध्यभागी मात्र हवा खेळत नाही आणि तेथे उष्णता साचते. तापमान वाढले की श्वसनाचा वेग वाढतो, वेग वाढला की आणखी उष्णता निर्माण होते. असे हे स्वतःलाच पोसणारे चक्र आहे. ते ओळखण्याची खूण सोपी आहे : गोणीत मध्यापर्यंत हात घातला असता तो गरम लागतो, तेथील शेंगा दमट व पिवळसर दिसतात आणि कुबट वास येतो, तर कडेच्या शेंगा अजून हिरव्यागार असतात. तापमापकाची सळई गोणीच्या मध्यात व कडेला लावून पाहिल्यास हा फरक अंशांत मोजता येतो.

महाराष्ट्रात पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात पावसाळी हंगामात मटार पिकतो, तर हिवाळ्यात मध्य प्रदेशातूनही त्याची आवक होते. लांबून गोण्यांतून येणाऱ्या मालाला वरील धोका अधिक असतो, कारण वाटेत गेलेल्या प्रत्येक तासाबरोबर मध्यभागी उष्णता साठत जाते.

## पूर्वशीतकरण व शीतसाखळी

काढणीनंतर शक्य तितक्या लवकर मालातील उष्णता काढून घेण्यास पूर्वशीतकरण म्हणतात. शेतात मिळालेली उष्णता आणि श्वसनाने निर्माण होणारी उष्णता यांत भेद आहे. पहिली एकदाच काढावी लागते, दुसरी सतत काढत राहावी लागते.

हा भेद बर्फाच्या हिशोबाने स्पष्ट होतो. एक किलो बर्फ वितळताना ८० किलोकॅलरी उष्णता शोषून घेतो. एक टन मटार २०° वरून ०° पर्यंत आणण्यास १६,००० किलोकॅलरी, म्हणजे सुमारे २०० किलो बर्फ एकदाच लागतो. त्यानंतर तो ०° ला राखण्यासाठी श्वसन उष्णतेपोटी दिवसाला सुमारे ३० किलो बर्फ पुरतो. उलट, माल थंड न करता नुसता २०° वर रोखून धरायचा म्हटले, तरी दररोज सुमारे २०० किलो बर्फ खर्ची पडेल. बाहेरून आत शिरणारी उष्णता या हिशोबात धरलेली नाही. एका दिवसाच्या दिरंगाईची किंमत अशा रीतीने संपूर्ण पूर्वशीतकरणाइतकी होते.

मटारासाठी थंड पाण्याने शीतकरण करणे सर्वांत सोयीचे ठरते, कारण हवेपेक्षा पाणी उष्णता फार जलद वाहून नेते. टोपल्यांतील शेंगा ०° च्या जवळपासच्या पाण्याने सुमारे १२ मिनिटांत २०° वरून २° पर्यंत थंड होतात. तेच पाणी फिरवून वापरले जात असल्याने त्यात जंतुनाशक ठेवावे लागते, अन्यथा एका शेंगेवरील रोग साऱ्या मालावर पसरतो. पाण्याची सोय नसेल तेथे पंख्यांच्या साहाय्याने थंड हवा क्रेटमधून ओढून घेतात. त्यासाठी क्रेटची छिद्रे परस्परांसमोर येतील अशी रचना करावी लागते. नुसते शीतगृहात नेऊन ठेवलेले गच्च ढीग मध्यापर्यंत थंड होण्यास बराच वेळ घेतात.

थंड झालेला माल शीतगृह, शीत वाहन आणि दुकानातील शीतकपाट या मार्गाने ग्राहकापर्यंत नेण्याच्या व्यवस्थेस शीतसाखळी म्हणतात. शीत वाहनातील यंत्रणा थंड माल थंड राखण्याच्या क्षमतेची असते, गरम माल थंड करण्याच्या क्षमतेची सहसा नसते. शिवाय वाहनाचा तापमापक हवेचे तापमान दाखवतो, शेंगेचे नाही. म्हणून माल चढवताना व उतरवताना शेंगांच्या राशीत सळई घालून तापमान पाहणे आवश्यक असते. ०° सेल्सिअस आणि ९५ ते ९८ टक्के सापेक्ष आर्द्रता राखल्यास मटाराच्या शेंगा एक ते दोन आठवडे टिकतात.

साखळी मध्येच तुटल्यास केवळ श्वसन वाढत नाही. थंड शेंगांवर बाहेरच्या दमट हवेतील बाष्प थिजते आणि त्या ओल्या पृष्ठभागावर बुरशी व सड वेगाने वाढते.

## सुधारित वातावरणातील वेष्टन

तापमान खाली आणल्यानंतर श्वसन आणखी मंद करण्यासाठी भाजीभोवतीच्या हवेत बदल करतात. फ्रँकलिन किड व सिरिल वेस्ट या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी सफरचंदांवर केलेल्या प्रयोगांतून या पद्धतीचा पाया घातला. त्यांचा अहवाल १९२७ मध्ये प्रसिद्ध झाला. साध्या हवेत सुमारे २१ टक्के प्राणवायू असतो. तो २ ते ३ टक्क्यांवर आणला आणि कार्बन डायऑक्साइड काही टक्के वाढू दिला, तर श्वसन मंदावते. मोठ्या गोदामात हे यंत्रांनी साधतात, लहान वेष्टनात मात्र भाजीचे श्वसन आणि फिल्मची पारगम्यता मिळून हे वातावरण आपोआप तयार होते.

५° सेल्सिअसला अर्धा किलो मटार तासाला सुमारे १७ मिलिलिटर प्राणवायू वापरतो. पिशवीत ५०० मिलिलिटर मोकळी हवा असेल, तर तीत सुमारे १०५ मिलिलिटर प्राणवायू असतो. फिल्म पूर्णतः अपारगम्य असल्यास आणि वेग तोच राहिल्यास तो सहा-सात तासांत संपेल. म्हणून जितका प्राणवायू शेंगा वापरतात तितकाच बाहेरून आत येईल, अशी फिल्म निवडावी लागते. या संतुलनानंतर आतील वायूंचे प्रमाण स्थिर राहते.

फिल्मचा प्रकारही महत्त्वाचा आहे. साध्या पॉलिथिनमधून कार्बन डायऑक्साइड प्राणवायूच्या तीन ते पाचपट सहजतेने बाहेर जातो. त्यामुळे आत प्राणवायू ३ टक्के राहिला, तरी कार्बन डायऑक्साइड सुमारे ४ ते ६ टक्क्यांवर थांबतो. सूक्ष्म छिद्रांतून मात्र दोन्ही वायू जवळजवळ सारख्याच सहजतेने ये-जा करतात. केवळ अशा छिद्रांवर विसंबून प्राणवायू ३ टक्क्यांवर आणल्यास कार्बन डायऑक्साइड १८ टक्क्यांच्या घरात जातो आणि तो मटाराला अपायकारक ठरतो.

## मर्यादा व दोष

वेष्टन हे शीतसाखळीला पर्याय ठरत नाही. ५° साठी योजलेली पिशवी २०° च्या दुकानात ठेवल्यास मटाराचे श्वसन सुमारे चौपट होते. फिल्मची पारगम्यता तितक्या प्रमाणात वाढत नाही, सूक्ष्म छिद्रांची तर जवळजवळ वाढतच नाही. प्राणवायू संपतो आणि पेशी विनॉक्सी श्वसनाकडे वळतात. त्यातून अल्कोहोल तयार होते. पिशवी फुगणे, उघडताच आंबूस किंवा दारूसारखा वास येणे आणि शेंगा निस्तेज व बुळबुळीत होणे ही त्याची लक्षणे होत. अशा वेळी उघडी गोणी बंद पिशवीपेक्षा बरी ठरते. मटाराच्या बाबतीत सुधारित वातावरणाचा लाभ थंडीच्या लाभाच्या तुलनेत माफकच असतो.

थंडीलाही मर्यादा आहे. मटार, कोबी, फुलकोबी, पालक या भाज्यांना ०° चे तापमान मानवते. भेंडी, वांगी, काकडी, ढोबळी मिरची व टोमॅटो या उष्ण प्रदेशातील भाज्यांना मात्र ७ ते १० अंशांखाली दीर्घकाळ ठेवल्यास शीतइजा होते. त्यांवर खोलगट डाग पडतात, रंग बिघडतो आणि बाहेर काढल्यावर त्या लवकर सडतात. श्वसन मंद झाले म्हणजे भाजी सुरक्षित राहिलीच असे या भाज्यांबाबत म्हणता येत नाही. त्यामुळे एकाच शीतगृहात एकाच तापमानाला सर्व भाज्या ठेवणे योग्य नसते.

गोठवलेल्या मटाराची गोष्ट निराळी आहे. सोललेले दाणे गरम पाण्यात थोडा वेळ धरून त्यांतील विकरे निष्क्रिय करतात आणि नंतर ते गोठवतात. त्या दाण्यांत जिवंत पेशी उरत नाहीत, म्हणून तेथे श्वसन उष्णतेचा प्रश्न उद्भवत नाही.