तळटीप २३ : ‘दोन्ही भाषांत चित्रीकरण’

प्रभात फिल्म कंपनीने १९३२ साली प्रदर्शित झालेला ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट कोल्हापुरात मराठी आणि हिंदी असा दोनदा चित्रित केला. त्या काळी संवाद, गाणी आणि साथीची वाद्ये चित्रीकरणाच्या वेळीच ध्वनिमुद्रित होत. सारे आवाज एकाच ध्वनिपट्टीत मिसळल्यावर नुसते मराठी शब्द काढून हिंदी घालता येत नसत.

आज संवाद, संगीत आणि इतर ध्वनी वेगळे ठेवतात. तरीही चित्रीकरणातला संवाद काढला की त्याला चिकटलेली पावले आणि बांगड्यांची किणकिणही जाते. म्हणून फोली कलाकार पडद्याकडे पाहत या हालचाली स्टुडिओत पुन्हा वाजवतात. पाणी, पाखरे, बाजार यांचा वातावरणध्वनी निराळ्या थरात येतो. फोली अपुरी असेल, तर डब केलेल्या आवृत्तीत माणसे चालताना दिसतात, पण पावले ऐकू येत नाहीत.

शेवटी पातळी. नेटफ्लिक्स संवादाची सरासरी पातळी मोजते. तिचे लक्ष्य उणे २७ एलकेएफएस असून दोन एककांची सूट आहे. मोजणी उणे २४ आली, तर संपूर्ण मिश्रण ३ डेसिबलने उतरवावे. फक्त संवाद उतरवला, तर आकडा जुळतो, पण शब्द संगीताखाली दबतात. मीटर हा दोष दाखवत नाही. तो हलक्या आवाजात ऐकून ओळखावा लागतो. – संपा.