विंचूदंश आणि नेमका प्रश्न

मंडळी, इथे नात्याच्या परिसरात विंचूदंश नवा नाही. जवळच महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी प्राझोसिनच्या गोळीने अनेक रुग्ण वाचवले. पुढे विंचवाचं प्रतिविष उपलब्ध झालं. तेव्हा ‘प्रतिविष उपयोगी आहे का?’ असं कुणीही विचारलं असतं. पण एवढ्यावर प्रबंध उभा राहत नाही.

२०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या त्यांच्या चाचणीतला प्रश्न आपण चार भागांत पाहू. रुग्ण कोण? घाम, गार हातपाय अशी लक्षणं असलेले, पण हृदय-फुप्फुसं अजून न बिघडलेले ७० जण. उपचार काय? प्रतिविष आणि प्राझोसिन. तुलना कशाशी? नुसत्या प्राझोसिनशी, कारण चालू उपचार काढून घेणं अन्यायाचं झालं असतं. आणि फळ कोणतं मोजायचं? दहा तासांत लक्षणं पूर्ण गेली का.

मृत्यू का नाही मोजले? प्राझोसिनने ते आधीच इतके घटले होते, की ७० रुग्णांत फरक दिसलाच नसता. दहा तासांत मात्र तो दिसला: एका गटात ३५ पैकी ३२ बरे, दुसऱ्यात ८.

आता मर्यादा बघा. कुणाला काय दिलं, हे झाकलेलं नव्हतं. शिवाय फुप्फुसात पाणी झालेल्या रुग्णाबद्दल हे उत्तर काहीच सांगत नाही, कारण तो प्रश्नातच नव्हता.