भार मोठा, यंत्र मात्र निवांत

संगणकाचा भार दाखविणारा आकडा, म्हणजे ‘लोड ॲव्हरेज’, चोवीसवर चढलेला असावा आणि त्याच घटकेला त्याचा सीपीयू जवळजवळ रिकामा असावा, हे कोडे लिनक्स वापरणाऱ्यांस वारंवार पडते. त्याचे उत्तर इतिहासात आहे.

हा आकडा मूळचा टेनेक्स या कार्यप्रणालीतला. १९७३ च्या एका टिपणात त्याचा अर्थ स्पष्ट दिला आहे: सीपीयूवर चालण्यास सिद्ध असलेल्या कामांची ठराविक काळातील सरासरी. लिनक्सनेही आरंभी हीच रीत पाळली. परंतु ऑक्टोबर १९९३ मध्ये माथियास उर्लिक्स यांनी तीतील विसंगती दाखविली. जलद डिस्क काढून मंद डिस्क बसविली, की कामे तिच्यापाशी तिष्ठत राहतात. सीपीयूपाशी गर्दी उरत नाही आणि भाराचा आकडा उतरतो. यंत्र मंदावले, तरी भार हलका! म्हणून त्यांनी अशा तिष्ठणाऱ्या, मध्येच न उठविता येणाऱ्या कामांचीही गणना सुरू केली. ही सुधारणा कोठून आली, याचा शोध ब्रेंडन ग्रेग यांनी २०१७ मध्ये लावला. सोलारिसमध्ये मात्र हा आकडा केवळ सीपीयूचाच राहिला.

आता समजा, चार सीपीयूंच्या एका लिनक्स यंत्राच्या फायली दुसऱ्या यंत्राच्या डिस्कवर आहेत आणि ते दुसरे यंत्र मुके झाले. फाईल मागणारे प्रत्येक काम जागीच थांबते. अशी तेवीस कामे अडकली व एकच चालत राहिले, तर भार हळूहळू चोवीसपर्यंत पोहोचतो. सीपीयूचा वापर मात्र अल्पच राहतो. कोण अडकले आहे, ते पुढील आज्ञेने कळते:

```
ps -eo state,pid,wchan:30,cmd | grep '^D'
```

`D` म्हणजे मध्येच न उठविता येणारी प्रतीक्षा. तिसऱ्या रकान्यात ते काम कर्नेलमध्ये कोठे थांबले, याचा सुगावा लागतो. अशा कामांवर `kill -9` चाही पुष्कळदा परिणाम होत नाही. सीपीयू वाढविणेही व्यर्थ. मूळ अडथळाच दूर करावा लागतो.

दुसरे यंत्र पुन्हा बोलू लागले आणि सर्व कामे आटोपली, तरी आकडा तत्क्षणी शून्यावर येत नाही. एका मिनिटाची सरासरी मिनिटाभरात चोवीसवरून सुमारे नऊवर उतरते. पंधरा मिनिटांची त्याहून पुष्कळ सावकाश. म्हणून मोठा आकडा दिसताच अडथळा अजून कायम आहे, असे समजू नये. `D` मधील कामे तेव्हाच्या तेव्हा मोजावीत.

आणखी एक मर्यादा ध्यानी ठेवावी. कर्नेलमधील काही कुलुपांपाशी खोळंबलेली कामेही याच गणनेत येतात. तेथे डिस्क निर्दोष असते. किती जण थांबले, एवढेच हा आकडा सांगतो; कशासाठी थांबले, ते सांगत नाही.