वय कोणी मोजायचं? गिरणीतली पोरं आणि कायदा

मागच्या महिन्याच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, “माझा पोरगा सोळाचा आहे. ठेकेदार म्हणतो, कागदावर अठरा लिहा, पत्र्याच्या कारखान्यात लावतो. दोन वर्षांनी काय बिघडतं?” हे उत्तर एका वाक्यात देता येत नाही, कारण त्याच्या मागे सव्वाशे वर्षांहून जास्त काळाची गोष्ट आहे. आज तीच सांगते.

मुंबईत कापडाच्या गिरण्या वाढल्या तशी लहान मुलं कामाला लागली. सुताने भरलेल्या बॉबिन काढायच्या, रिकाम्या लावायच्या, यंत्राखालचा कापूस झाडायचा, अशी ती कामं. छोटी बोटं पटकन आत जातात म्हणून मुलंच हवी असायची. आणि बोटं पटकन आत जातात म्हणूनच ती सापडायचीही.

१८८१ मध्ये इंग्रज सरकारने पहिला कारखाना कायदा केला. सात वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवायचं नाही; सात ते बारा वर्षांच्या मुलाला दिवसाला नऊ तासच काम, मध्ये एक तास सुट्टी आणि महिन्याला चार दिवस रजा. आज ऐकताना अंगावर काटा येतो, पण तेव्हा एवढंही नव्हतं. यंत्रांना कुंपण घालावं असंही त्यात होतं. मात्र हा कायदा शंभर किंवा जास्त माणसं असलेल्या आणि वर्षात चार महिन्यांपेक्षा जास्त चालणाऱ्या कारखान्यांनाच लागू होता.

ही चार महिन्यांची अट आपल्या भागातल्या बायकांनी लक्षात घ्यावी. कापसाचं जिनिंग हंगामी असतं. त्यामुळे खानदेशातल्या जिनिंगमध्ये बायका-मुलं पहाटे चार-पाचपासून रात्री आठ-नऊपर्यंत राबत, घाईच्या दिवसांत तर रात्रंदिवस, असं १८८५ च्या सुमारास मुंबई सरकारच्या चौकशी समितीसमोर आलं. कायद्याच्या लेखी ते कारखाने नव्हतेच!

त्याच काळात नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचं निवेदन दिलं. रविवारची सुट्टी त्यांच्यामुळे मिळाली हे आपल्याला ठाऊक असतं. पण काम करताना जखमी झालेल्या माणसाला बरा होईपर्यंत पगार मिळावा, हीसुद्धा त्यांची मागणी होती. १८९१ मध्ये कायदा बदलला. किमान वय नऊ झालं, नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांना सात तास, आणि पन्नास माणसांचा कारखानाही कायद्यात आला.

आता खरी अडचण ऐका. नऊ वर्षं पूर्ण झाली की नाही, हे ठरवायचं कसं? जन्माची नोंद नाही, शाळेचा दाखला नाही. डॉक्टर दात बघायचे, उंची बघायचे आणि अंदाज बांधायचे. अंगाने थोराड पोर मोठं ठरायचं. १९०८ च्या सरकारी आयोगाला दिसलं की अर्धा दिवस काम करायची मुलं पुष्कळ ठिकाणी मोठ्या माणसांच्या रांगेत पूर्ण दिवस उभी आहेत. मग १९११ च्या कायद्याने मुलाकडे वयाचा आणि तब्येतीचा दाखला असावा असं ठरवलं. लोकांनी त्यावरही वाट काढली. सकाळी एका गिरणीत आणि दुपारी दुसरीत, असं एकच मूल दोन ठिकाणी जायचं. यात नुसता मालकाला दोष देऊन भागत नाही. घरात दोन मजुऱ्या येत होत्या, आणि पोट कोणाला चुकलंय? पुढे १९४८ च्या कायद्यात असं दुहेरी काम करू देणाऱ्या आई-बापालाही दंड ठेवला.

१९४८ चा हा कारखाना कायदा स्वतंत्र भारताचा, आणि आपल्या ताईंच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच सापडतं. त्याने चौदा वर्षांखाली कारखान्यात पूर्ण बंदी केली. पंधरा ते अठराच्या मुलांना किशोर म्हटलं, आणि एक मोठी गोष्ट मान्य केली. किशोर काम करू शकेल, पण मोठ्या माणसाचं प्रत्येक काम करू शकणार नाही.

ताईंच्या सोळा वर्षांच्या मुलाला या कायद्याने काय दिलं होतं, ते बघू. आधी सरकारने नेमलेल्या डॉक्टरकडून तपासणी. दाखल्याची फी कारखान्याने भरायची, मुलाकडून घ्यायची नाही. दाखला बारा महिन्यांचा, म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा तपासणी. सतरा पूर्ण होईपर्यंत सकाळी सहा ते संध्याकाळी सात एवढ्याच वेळेत काम, रात्रपाळी नाही. पत्र्याला दाबून आकार देणाऱ्या पॉवर प्रेससारख्या, सरकारने धोकादायक ठरवलेल्या यंत्रावर त्याला लावायचं असेल तर धोका काय तो पूर्ण समजावून सांगायचा, आणि एकतर पुरेसं शिकवायचं, नाहीतर जाणत्या माणसाची देखरेख ठेवायची. आणि यंत्र चालवणारा मुख्य चाक-पट्ट्याचा भाग फिरत असताना तो पुसणं किंवा त्याला तेल देणं, हे अठरापर्यंत साफ बंद. ही शेवटची बंदी बायकांनाही होती.

आता कागदावर अठरा लिहा. डॉक्टर गेला, रात्रपाळी आली, शिकवणं आणि देखरेख गेली, फिरत्या चाकाला तेल घालायला पोरगा मोकळा झाला. ठेकेदाराला ती दोन वर्षं एवढ्यासाठीच हवी असतात. बोट तुटलं की तोच म्हणणार, तुम्हीच खोटं वय सांगितलंत. त्या कायद्यात यावरही एक चांगली तरतूद होती: समोरचा पोर लहान दिसतोय असं न्यायालयाला वाटलं, तर तो लहान नाही हे मालकाने सिद्ध करायचं. पण आपल्याच सहीचा खोटा कागद मालकाच्या हातात असला तर ते सिद्ध करणं त्याला सोपं जातं.

कापसाचंही सांगते, कारण आपल्यातल्या कितीतरी जणी प्रेसिंगला जातात. गाठी बांधण्याआधी कापूस मोकळा करणारं यंत्र असतं. त्याचे काटे जोरात फिरतात. कापसातून खडा किंवा लोखंडाचा तुकडा आत गेला की ठिणगी उडते, आणि हवेतल्या तंतूंमुळे आग क्षणात पसरते. म्हणून ते यंत्र चालू असलेल्या भागात बायका आणि मुलं नकोत, असं १९४८ च्या कायद्याचं २७ वं कलम सांगायचं. छतापर्यंत भिंत असेल तरच, कापूस टाकण्याच्या बाजूला त्यांना काम देता यायचं. पण त्यात मूल म्हणजे पंधराच्या आतलं. सोळाचा मुलगा या कलमातून सुटायचा. असे कोपरे कायद्यात राहतातच.

१९४८ च्या कायद्याच्या जागी आता नव्या श्रमसंहिता आल्या आहेत. बालकामगारांचा कायदा मात्र वेगळा आहे आणि तो २०१६ मध्ये कडक झाला. चौदाच्या आत शाळा सुटल्यावर घरच्यांना बिनधोक कामात मदत करणं अशा मोजक्या सवलती सोडल्या तर कुठेच काम नाही. चौदा ते अठराच्या मुलांना खाणीत, स्फोटक किंवा पेट घेणाऱ्या वस्तूंच्या कामात आणि धोकादायक प्रक्रियांत ठेवता येत नाही. ठेवलं तर मालकाला सहा महिने ते दोन वर्षं कैद, किंवा वीस ते पन्नास हजार दंड, किंवा दोन्ही.

ताईंच्या मुलाचा जन्मदाखला ग्रामपंचायतीत आहे, शाळा सोडल्याचा दाखला घरात आहे. ठेकेदाराला त्याची झेरॉक्स द्यायची, मूळ कागद द्यायचा नाही, आणि त्याने भरलेला फॉर्म सही करण्याआधी मोठ्याने वाचून घ्यायचा. वाचायला जड गेलं तर गटाची वही लिहिणाऱ्या मुलीला सोबत न्या. कुठे लहान मूल धोक्याच्या कामावर दिसलं तर १०९८ हा नंबर फुकट लागतो.