विसर्जनाची जागरणं, चहा आणि मेंदूत साठणारा थकवा

अनंत चतुर्दशीला सकाळी लालबागहून निघालेली मिरवणूक गिरगाव चौपाटीवर पोहोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडतो. तोपर्यंत अनेक कार्यकर्ते चोवीस तास जागे असतात आणि कटिंग चहावर रात्र काढतात. अशा वेळी मेंदूत नेमके काय होते?

मेंदूच्या पेशी काम करताना ऊर्जा वापरतात. त्यातून अ‍ॅडेनोसिन हा पदार्थ तयार होतो. जितका वेळ आपण जागे, तितका तो साठत जातो. तो पेशींवरील ठरावीक जागांना, म्हणजे रिसेप्टरना चिकटला की मेंदू मंदावतो आणि झोप येते. झोपेत त्याचे प्रमाण पुन्हा कमी होते.

चहा-कॉफीतील कॅफिन याच जागा अडवून बसते. त्यामुळे अ‍ॅडेनोसिनचा निरोप पोहोचत नाही आणि तरतरी वाटते. पण अ‍ॅडेनोसिन साठतच राहते. कॅफिन ओसरले की साठलेला थकवा एकदम जाणवतो.

समजा, एक कार्यकर्ता सकाळी ६ वाजता उठला. रात्री ११ वाजता त्याला जागून १७ तास झाले. एवढ्या जागरणानंतर प्रतिक्रियेचा वेग साधारण रक्तात १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम अल्कोहोल असल्याइतका मंदावू शकतो, असे चाचण्यांत दिसले आहे. आपल्याकडे वाहनचालकासाठी कायदेशीर मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे.

पहाटे ३ ते ५ हा सर्वांत अवघड काळ, कारण शरीराचे घड्याळही तेव्हा झोपेकडे ओढते. तो २ वाजता चहा घेतो. सकाळी ७ वाजता उजेडामुळे आणि घड्याळ पुढे सरकल्यामुळे त्याला ताजेतवाने वाटते. ही फसगत आहे. झोप झालेली नसते, त्यामुळे अ‍ॅडेनोसिन तसेच असते. बाइकवर ताशी ४० किलोमीटर वेगाने जाताना तीन सेकंदांची डुलकी लागली, तर गाडी सुमारे ३३ मीटर आपोआप पुढे जाते.

मागचा रस्ता कसा आला हे न आठवणे, सतत जांभया येणे, मान खाली जाणे, ही धोक्याची लक्षणे आहेत. ती दिसली की गाडी थांबवा. लोकलने घरी जा किंवा कोणाला तरी न्यायला बोलवा. शक्य असल्यास रात्रीच वीस मिनिटांची डुलकी घ्या. ती उपयोगी ठरते, कारण तिने साठा थोडा तरी कमी होतो. उठल्यावर काही मिनिटे सुस्ती राहते, तेवढा वेळ गाडी चालवू नका.

कॅफिन निम्मे उतरायला बहुतेकांना साधारण पाच तास लागतात, गरोदरपणात त्याहून बरेच जास्त. म्हणून पहाटेचा शेवटचा चहा टाळा, नाहीतर घरी गेल्यावरची झोप उथळ लागते.

पुरेशी झोप घेऊनही दिवसा डोळे मिटत असतील किंवा घोरताना श्वास थांबत असल्याचे घरच्यांनी पाहिले असेल, तर डॉक्टरांना भेटा. त्याचे कारण जागरण नसून झोपेचा विकार असू शकतो.